खेळाडूची उमेदीची वर्षे : चार खेळांचे वयोमान

एखाद्या खेळाडूची सर्वोत्तम कामगिरी कोणत्या वयात होते, या प्रश्नाला सर्व खेळांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. महिला जिम्नॅस्टिक्समध्ये दीर्घकाळ पंधरा ते एकोणीस ही उमेदीची वर्षे मानली गेली आणि अलीकडे ती विशीच्या पुढे सरकली आहेत. शंभर मीटरच्या धावकाचा बहर साधारणतः बाविशी ते अठ्ठाविशीच्या दरम्यान येतो, मॅरेथॉनपटूचा सत्ताविशी ते पस्तिशीच्या दरम्यान, तर गोल्फपटू तिशीच्या आसपास पूर्ण बहरात येऊन चाळिशीपर्यंत, क्वचित त्याही पुढे, मोठ्या स्पर्धा जिंकत राहतो. या फरकाचे कारण असे की प्रत्येक खेळाडूच्या आयुष्यात दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. एकीकडे शरीराची नैसर्गिक क्षमता वाढते, काही वर्षे स्थिर राहते आणि मग उतरू लागते, तर दुसरीकडे सरावाने मिळणारे कौशल्य व अनुभव यांची साठवण हळूहळू वाढत जाते. शरीराच्या क्षमतेतील घट या साठवणीने भरून निघेनाशी झाली, की उतार सुरू होतो. हा क्षण कधी येणार, हे त्या खेळात शरीराची नेमकी कोणती क्षमता पणाला लागते, यावर अवलंबून असते. या दोन प्रक्रियांबरोबर तिसरी एक गोष्ट, म्हणजे खेळाचे नियम आणि रूढी, वयोमान किती बदलू शकते, हे जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

जिम्नॅस्टिक्स : वय की आकारमान?

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी दहापैकी दहा गुण मिळवले आणि महिला जिम्नॅस्टिक्स हा कोवळ्या मुलींचा खेळ आहे, ही समजूत जगभर रूढ झाली. तिच्या आधीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या आग्नेस केलेतीने चार सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिनाने सर्व साधनांवरील गुणांच्या बेरजेवर ठरणारे, म्हणजेच सर्वसाधारण, विजेतेपद २१ व्या आणि २५ व्या वर्षी मिळवले, तर चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा चास्लावस्काने त्याच विजेतेपदाची पुनरावृत्ती १९६८ मध्ये २६ व्या वर्षी केली. त्या काळच्या जिम्नॅस्टिक्समध्ये नृत्यसदृश हालचाली, लवचीकता आणि देहबोलीचे सौष्ठव यांना मोठे स्थान होते. यांपैकी सौष्ठव वयाबरोबर परिपक्व होत असल्यामुळे पूर्ण वाढ झालेली स्त्री मागे पडत नसे.

सत्तरच्या दशकात हवेतील कोलांट्या आणि गिरक्या यांना महत्त्व आले, तेव्हा लहान चणीच्या मुलींना मिळणारा फायदा भौतिकशास्त्राच्या नियमांनी ठरवलेला होता. शरीराची ठेवण तीच ठेवून केवळ उंची वाढली असे मानले, तर स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, पण वजन आकारमानावर, म्हणजे उंचीच्या घनावर अवलंबून असते. शरीर स्वतःभोवती फिरवताना होणारा विरोध, ज्याला जडत्व-आघूर्ण म्हणतात, तो तर उंचीच्या पाचव्या घातानुसार वाढतो, कारण त्यात वजनाबरोबरच अक्षापासूनच्या अंतराचा वर्गही येतो. समजा, एखाद्या मुलीची उंची वयात येताना १४५ सेंटिमीटरवरून १६० सेंटिमीटर झाली. उंची केवळ दहा टक्क्यांनी वाढली, परंतु या हिशेबाने तिचे बळ सुमारे २२ टक्क्यांनी, वजन ३४ टक्क्यांनी आणि फिरण्याला होणारा विरोध ६४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक किलो वजनामागे मिळणारे बळ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते आणि वर्षभरापूर्वी सहज पूर्ण होणारी दुहेरी कोलांटी जमिनीला पाय लागेपर्यंत अर्धवट राहू लागते. त्यातच मुलींमध्ये पौगंडावस्थेत मेदाचे प्रमाण वाढते आणि कंबरेची रुंदी बदलल्यामुळे शरीराचा तोलही बदलतो, त्यामुळे अंगवळणी पडलेली कौशल्ये नव्याने बसवावी लागतात. प्रत्यक्षात शरीराची ठेवण वाढीबरोबर थोडी बदलते आणि सरावाने बळ वाढवता येते, म्हणून हे आकडे काटेकोर मोजमाप नसून दिशादर्शक आहेत, तरीही प्रशिक्षकांना वाढीच्या वर्षांची धास्ती का वाटते, हे त्यांवरून समजते.

पुरुषांच्या बाबतीत हीच पौगंडावस्था उलट फायद्याची ठरते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे खांदे आणि दंड यांचे स्नायू वाढतात आणि रिंग्जवर हात बाजूला ताणून शरीर क्रुसाप्रमाणे स्थिर धरण्यासाठी नेमके तेच बळ लागते. ते पूर्णपणे उभे राहण्यास विशी उजाडते, म्हणून पुरुष जिम्नॅस्ट विशीच्या पूर्वार्धात किंवा मध्यावर शिखर गाठतो. जपानच्या कोहेई उचिमुराने २००९ ते २०१६ या काळात, वयाच्या २० ते २७ या वर्षांत, जागतिक आणि ऑलिम्पिक सर्वसाधारण विजेतेपदे सलग स्वतःकडे राखली. एकाच खेळातील स्त्री आणि पुरुष यांच्या वयोमानातील ही तफावत दाखवून देते, की वय हे मूळ कारण नसून त्या वयात शरीरात होणारा बदल हे कारण आहे.

लहान चणीचा फायदा लक्षात आल्यावर काही देशांनी मुलींना बालवयातच कठोर सरावाला जुंपले आणि त्याचे परिणाम मनगट, कणा व वाढीच्या अवस्थेतील हाडांच्या दुखापतींच्या रूपाने दिसू लागले. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने महिलांसाठी किमान वय १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ केले. नियम आला तसे तो चुकवण्याचे प्रकारही घडले. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधील चीनच्या महिला संघाचे कांस्यपदक २०१० मध्ये काढून घेण्यात आले, कारण संघातील एक खेळाडू त्या वेळी केवळ १४ वर्षांची असल्याचे निष्पन्न झाले होते.

वयोमान पुन्हा वर सरकण्यास दुसरा एक बदल कारणीभूत ठरला. २००६ पासून दहा गुणांची कमाल मर्यादा रद्द होऊन काठिण्य आणि सफाई यांचे गुण स्वतंत्रपणे मोजले जाऊ लागले. काठिण्याला वरची मर्यादा नसल्याने उंच उडी देणाऱ्या बलवान पायांचे मोल वाढले, आणि असे बळ पंधराव्या वर्षापेक्षा विशीनंतर अधिक असते. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने रिओ ऑलिम्पिकमध्ये १९ व्या वर्षी मिळवलेले सर्वसाधारण विजेतेपद २०२४ मध्ये पॅरिसला २७ व्या वर्षी पुन्हा मिळवले, आणि व्हॉल्टवरील तिच्या नावाची सर्वांत अवघड उडी तर तिने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम २६ व्या वर्षी मारली. भारताच्या दीपा कर्माकरने रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टवर चौथे स्थान २३ व्या वर्षी मिळवले आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील सुवर्णपदक २०२४ मध्ये तिशीत. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनाने तर जर्मनीकडून खेळताना बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ३३ व्या वर्षी व्हॉल्टचे रौप्यपदक पटकावले. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बाइल्सची उंची सुमारे १४२ सेंटिमीटर आहे, म्हणजे वर मांडलेले उंचीचे गणित तिच्या बाबतीत कधी बिघडलेच नाही. कोवळे वय हे बहुतेकींच्या बाबतीत लहान आकारमानाचे दुसरे नाव होते, आणि ज्यांचे आकारमान वाढीनंतरही लहान राहिले, त्यांना वयाची अडचण उशिरा जाणवली.

वेगाची धाव : सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब

शंभर मीटरच्या शर्यतीत आकारमानाचा प्रश्न गौण असून अत्यल्प वेळात जमिनीवर किती बळ लावता येते, हा प्रश्न मुख्य असतो. पूर्ण वेगात असलेल्या धावकाचे पाऊल जमिनीवर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापेक्षाही कमी काळ टेकलेले असते आणि तेवढ्यात त्याला आपल्या वजनाच्या कित्येक पट बळाने जमीन रेटावी लागते. हे काम जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे असते, जे लवकर थकतात, पण क्षणार्धात मोठे बळ देतात. हे तंतू आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या जाड चेतापेशी वयाच्या माऱ्याला मंद तंतूंपेक्षा आधी बळी पडतात. वाढत्या वयाच्या धावकांची मोजमापे दाखवतात, की मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या बरीचशी टिकून राहते, पण पाऊल जमिनीवर अधिक काळ रेंगाळते आणि ढांग आखूड होते, म्हणजे घट पाय हलवण्याच्या चपळाईत नसून जमीन रेटण्याच्या बळात होते.

जमैकाच्या उसेन बोल्टची कारकीर्द या दृष्टीने एखाद्या आलेखासारखी वाचता येते. १५ व्या वर्षी तो दोनशे मीटरमध्ये कनिष्ठ गटाचा जगज्जेता होता आणि १७ व्या वर्षी ते अंतर १९.९३ सेकंदांत धावला होता, परंतु शंभर मीटरमधील त्याचा बहर पुढे आला. २००८ मध्ये बीजिंगला ९.६९ सेकंद, २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंद हा विश्वविक्रम, २०१२ मध्ये लंडनला ९.६३ आणि २०१६ मध्ये रिओला ९.८१ सेकंद, अशी ही नोंद आहे. बर्लिनच्या वेळी त्याला तेविसावे वर्ष पूर्ण होण्यास पाच दिवस बाकी होते आणि रिओच्या वेळी तिसावे पूर्ण होण्यास आठवडाभर. मधल्या सात वर्षांत त्याचा वेग अडीच टक्क्यांहून कमी घटला, तरी शर्यतीच्या अखेरीस असलेल्या वेगाने धावपट्टीवर हा फरक सुमारे पावणेतीन मीटरचा होतो, म्हणजे २०१६ चा बोल्ट २००९ च्या बोल्टमागे एखाद्या ढांगेहून अधिक अंतराने पोहोचला असता. पुढल्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत ९.९५ सेकंदांची वेळ त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेऊन गेली आणि शेवटच्या रिले शर्यतीत मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला. हा स्नायू पाय पुढे झेपावताना ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो, त्यामुळे वेगाच्या धावकाची कारकीर्द पुष्कळदा बळ संपण्याआधीच या दुखापतींमुळे आटोपते.

तिशीनंतरचे अपवाद आहेत. ब्रिटनच्या लिनफर्ड क्रिस्टीने बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ३२ व्या वर्षी शंभर मीटरचे सुवर्ण जिंकले, आणि जमैकाच्या शेली-अॅन फ्रेझर-प्राइसने, अपत्यजन्मानंतर परतून, १०.६० सेकंद ही आपली सर्वोत्तम वेळ ३४ व्या वर्षी दिली. पुरुषांच्या अपवादांकडे मात्र सावधपणे पाहावे लागते, कारण क्रिस्टीवर पुढे उत्तेजक द्रव्यांमुळे बंदी आली, आणि ३३ व्या वर्षी ९.७४ सेकंदांत धावलेल्या अमेरिकेच्या जस्टिन गॅटलिनने अशी बंदी त्याआधीच भोगलेली होती. स्नायूंची घट कृत्रिमरीत्या रोखणारी द्रव्ये उमेदीची वर्षेही लांबवू शकतात, हे विसरून केवळ वयाचे आकडे वाचले तर निष्कर्ष चुकतो.

मॅरेथॉन : घटणारे हृदय आणि मुरणारे पाय

४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत निकाल तीन गोष्टींवर ठरतो. पहिली म्हणजे ऑक्सिजन-ग्रहणक्षमता, अर्थात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते. दुसरी, त्या कमाल क्षमतेचा किती हिस्सा दोन-अडीच तास टिकवता येतो. आणि तिसरी, धावण्यातील काटकसर, म्हणजे एक किलोमीटर जाण्यासाठी किती ऑक्सिजन खर्च होतो. यांपैकी पहिली क्षमता विशीतच शिगेला पोहोचते, कारण हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वयाबरोबर कमी होते. प्रचलित सूत्रानुसार ती २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा केल्यावर मिळते, त्यामुळे २५ व्या वर्षी सुमारे १९० असलेली गती ३५ व्या वर्षी १८३ च्या आसपास येते. केवळ हृदयाकडे पाहिले तर मॅरेथॉनपटूचा बहरही पंचविशीतच यायला हवा होता.

तो तसा येत नाही, याचे स्पष्टीकरण ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफच्या उदाहरणातून उत्तम मिळते, कारण तिच्या शरीराची मोजमापे क्रीडाशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी १९९२ पासून, म्हणजे ती १८ वर्षांची असल्यापासून, अनेक वर्षे घेतली. तिची ऑक्सिजन-ग्रहणक्षमता प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ७० मिलिलिटर एवढी पहिल्यापासूनच होती आणि अकरा वर्षांत ती जवळजवळ हलली नाही. बदलली ती काटकसर. ताशी १६ किलोमीटर वेगाने धावताना सुरुवातीला तिला प्रत्येक किलो वजनामागे एका किलोमीटरला सुमारे २०५ मिलिलिटर ऑक्सिजन लागत असे, तो खर्च १७५ मिलिलिटरपर्यंत खाली आला. या बदलाचा अर्थ असा, की पूर्वी जेवढ्या ऑक्सिजनमध्ये ती ३६ किलोमीटर गेली असती, तेवढ्यातच आता संपूर्ण मॅरेथॉन पार होऊ लागली. एप्रिल २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा ती २९ वर्षांची होती.

ही काटकसर कशातून येते, याची काही कारणे ज्ञात आहेत. हजारो किलोमीटरच्या धावेने पायांतील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, अधिक ताठ होतात आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे प्रत्येक पावलाची ऊर्जा साठवून परत देतात, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि अनावश्यक हालचाली गळून पडतात. ही सर्व मशागत वर्षानुवर्षे चालते आणि तिला घाई केल्यास हाडांना सूक्ष्म तडे जातात. ग्रहणक्षमतेतील मंद घट आणि काटकसरीतील मंद वाढ यांचा मेळ साधारणपणे तिशीच्या आगेमागे बसतो. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने ३७ व्या वर्षी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे सुवर्ण जिंकले आणि ३८ व्या वर्षी विश्वविक्रम केला, तर रोमानियाच्या कॉन्स्तान्तिना दित्साने बीजिंगमध्ये ३८ व्या वर्षी ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली.

तरीही या उशिराच्या बहराचा काही भाग शरीराने नव्हे तर रूढीने ठरवलेला आहे. केनियाचा एलिउड किपचोगे १८ व्या वर्षी पाच हजार मीटरचा जगज्जेता झाला होता आणि २०१२ च्या ऑलिम्पिक संघात स्थान न मिळाल्यावर तो रस्त्यावरील शर्यतींकडे वळला. पहिली मॅरेथॉन त्याने २८ व्या वर्षी धावली आणि २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विक्रम ३७ व्या वर्षी केला. आधी धावपट्टी आणि मग रस्ता हाच त्या पिढीचा क्रम असल्याने तिची मॅरेथॉन उशिरा बहरणार, हे ठरलेलेच होते. त्याचाच देशबांधव केल्विन किप्टम धावपट्टीला वळसा घालून थेट रस्त्यावर उतरला आणि २०२३ मध्ये शिकागोला, २३ व्या वर्षी, २ तास ३५ सेकंदांत धावला. पुढील फेब्रुवारीतच अपघाती मृत्यू आल्यामुळे त्याची कारकीर्द तिथेच थांबली, परंतु पायांची मशागत लवकर सुरू झाली तर बहरही लवकर येऊ शकतो, एवढे त्याच्या धावेने सिद्ध केले.

गोल्फ : हात कापू लागेपर्यंत

गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी आडवा येत नाही आणि दोन फटक्यांच्या मध्ये विचाराला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे प्रतिक्रियेचा वेग आणि दमसास यांतील घट निकालावर लगेच उमटत नाही. अठरा होलच्या मैदानासाठी सामान्यतः ७२ फटके प्रमाण धरले जातात आणि त्यांपैकी प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके हिरवळीवरील पटिंगचे, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत खळग्यात घालण्याचे, गृहीत असतात. म्हणजे हिशेबातील निम्म्या फटक्यांना बळ जवळजवळ लागतच नाही. उरलेल्यांत पहिला लांब फटका बळावर अवलंबून असतो, पण तो दहा-पंधरा मीटरने आखूड पडला तर पुढच्या फटक्याला थोडी लांब पल्ल्याची काठी निवडून बरेच काही सावरता येते. वारा, उतार आणि गवताची जात ओळखण्याची नजर तर वर्षांगणिक तयार होते. म्हणूनच जॅक निकलॉसने आपली १८ प्रमुख विजेतेपदे २२ ते ४६ या वयांत मिळवली, फिजीच्या विजय सिंगने अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतील २२ स्पर्धा चाळिशीनंतर जिंकल्या आणि फिल मिकलसनने २०२१ ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा ५० व्या वर्षी जिंकली.

मग गोल्फपटूचे शिखर पन्नाशीत का नसते? एक कारण कणा हे आहे, कारण कंबरेला पीळ देऊन मारलेल्या लाखो फटक्यांचा हिशेब मणके चुकता करतात. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. काही खेळाडूंना पटिंगच्या ऐन क्षणी मनगटाला आपोआप हिसका बसू लागतो, ज्याला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात, आणि वर्षानुवर्षे केलेली तीच ती सूक्ष्म हालचाल व दडपण यांतून तो उद्भवतो असे मानले जाते. २००९ मध्ये टर्नबेरीच्या ब्रिटिश ओपनमध्ये ५९ वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलपर्यंत आघाडीवर होता, पण विजेतेपद देणारा शेवटचा छोटा पट हुकला आणि तो अतिरिक्त होलच्या लढतीत हरला. चार दिवस त्याला तारून नेणारे कौशल्य शाबूत होते, पण नेमक्या क्षणी लागणारी स्थिरता सुटली. त्याच वेळी लांब फटक्यांचे महत्त्व वाढल्यामुळे तरुणांचे पारडे पुन्हा जड होत आहे, म्हणजे जिम्नॅस्टिक्सप्रमाणे येथेही खेळाची मागणी बदलली की वयोमान बदलते.

या साऱ्या उदाहरणांतून एक सावधगिरीही हाती लागते. विजेत्यांच्या वयाची सरासरी आणि एकाच खेळाडूची वर्षागणिक सर्वोत्तम कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण सरासरीत दुखापतीने, पैशांअभावी किंवा निवड न झाल्याने लवकर थांबलेल्यांचे न आलेले बहर मोजले जात नाहीत. एखाद्या खेळाडूचा उतार खरोखर सुरू झाला आहे का, हे पदकांवरून ठरवता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी बदलतात. सलग काही हंगामांतील त्याची स्वतःची वेळ किंवा गुण खाली येत असतील आणि त्याला दुखापतीचे कारण नसेल, तरच तो उतार मानता येतो.

भारतातील एकाच घरात या वयोमानांचे दोन टोकांचे नमुने पाहायला मिळाले. चारशे मीटरचे धावक मिल्खा सिंग यांनी १९५८ मध्ये कार्डिफला राष्ट्रकुलाचे सुवर्ण जिंकले, १९६० मध्ये रोम ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान मिळवले आणि १९६४ च्या टोकियोनंतर त्यांची धाव थांबली, म्हणजे बहर ते निवृत्ती हा प्रवास सहा-सात वर्षांत आटोपला. त्यांचे पुत्र जीव मिल्खा सिंग यांनी गोल्फ निवडला आणि २०१२ मध्ये स्कॉटिश ओपन जिंकली, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्या वयात वडिलांना धावपट्टी सोडून कित्येक वर्षे लोटली होती. रक्त एकच असले, तरी एकाच्या खेळाने सेकंदाच्या दहाव्या भागात जमीन रेटण्याचे बळ मागितले आणि दुसऱ्याच्या खेळाने स्थिर हात व मुरलेली नजर.